एमपीएससीवाल्या क्रशला मेसेज पाठवताय? उत्तर मागू नका

राज्यसेवेची तयारी करणारी एखादी मुलगी किंवा मुलगा तुम्हाला आवडतो, पूर्व परीक्षा तीन-चार महिन्यांवर आली आहे, आणि तुम्हाला दोन गोष्टी एकाच वेळी हव्या आहेत. त्यांना धीर द्यायचाय आणि आपण मनात भरलोय का तेही हळूच बघायचंय. दोन्ही जमतं, पण त्यासाठी मेसेज लिहायची नेहमीची सवय थोडी बदलावी लागते. मी ठाण्यातल्या एका अभ्यासिकेत बरीच वर्षं काढली आणि आता सरकारी नोकरीत आहे. शेजारच्या टेबलांवर कोणता मेसेज आला की मुलगी गालात हसून पुन्हा पुस्तकात जाते आणि कोणता आला की तिचा अख्खा दुपारचा स्लॉट वाया जातो, हे मी जवळून पाहिलं आहे. पुढे जे लिहिलंय ते त्यातून आलेलं आहे.

सोयीसाठी अभ्यास करणारी 'ती' आणि मेसेज पाठवणारा 'तो' असं धरते. उलटं असेल तर उलटं वाचा, फरक काही पडत नाही.

आधी हे समजून घ्या: अभ्यास मोडतो कशाने

फोन वाजला म्हणजे पाच सेकंद गेली, एवढाच हिशोब लोक करतात. 2015 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना लक्ष लागणारं एक काम दिलं आणि मध्येच काहींच्या फोनवर कॉल किंवा मेसेजची सूचना पाठवली. त्या मुलांनी फोन हातातही घेतला नाही, तरी त्यांच्या चुका वाढल्या. हातातलं काम तेच राहतं, पण डोक्यात 'कोणाचा असेल, काय असेल' सुरू होतं आणि नुकसान तिथेच होतं.

आता तो मेसेज आवडत्या माणसाचा असेल आणि त्यात एखादा प्रश्न असेल, तर ते 'काय असेल' आणखी लांबतं. 'काय करतेस?' या दोन शब्दांना उत्तर द्यायचं म्हणजे तिला ठरवावं लागतं की खरं सांगू की काहीतरी गोड लिहू, आत्ता लिहू की रात्री, आत्ता लिहिलं तर तो पुढे बोलत बसेल का. राज्यघटनेचं पान समोर उघडं असतं आणि डोळे त्याच ओळीवर तीनदा फिरतात. म्हणून या लेखातला मुख्य नियम एकच आहे: मेसेज स्वतःच पूर्ण झाला पाहिजे. तो वाचून तिला बरं वाटावं आणि तिच्याकडे करायचं काही उरू नये. बाकीच्या पायऱ्या याच नियमाच्या पोटातून निघतात.

पहिली पायरी: एकदाच विचारा, आणि रंग लपवू नका

प्रश्न विचारायची मुभा एकदाच आहे, सुरुवातीला. तिने 'आता परीक्षेपर्यंत मी गायब' असं जाहीर केलं की त्याच आठवड्यात, शक्यतो समोरासमोर, नाहीतर मेसेजवर. माझ्या ओळखीतल्या एकाने केलं ते सांगते. तो ऐरोलीला आयटीत कामाला, ती कळव्याची, नौपाड्यातल्या अभ्यासिकेत सकाळी आठ ते रात्री आठ बसणारी. दोघं पंचविशीतली, कॉलेजपासूनची ओळख. त्याने लिहिलं:

> तू गायब होणार आहेस ते मान्य. आठवड्यातून दोनदा, रात्री साडेआठनंतर, एखादा मेसेज टाकला तर चालेल? थोडा खट्याळपणा असेल त्यात, आधीच सांगतो. उत्तर द्यायचं नाही. नको असेल तर फक्त 'नको' लिही, मी पेपर झाल्यावरच तोंड दाखवेन.

यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही लागतात. किती आणि कधी ते ठरलं. 'खट्याळपणा असेल' म्हटल्यामुळे हे नुसतं मित्राचं धीर देणं नाही हे तिला कळलं, त्यामुळे नको असेल तर नाही म्हणायला जागा मिळाली. आणि 'नको' म्हणणं सोपं करून दिलं, कारण एका शब्दात काम होतं. तिने 'चालेल, पण मंगळवारी टेस्ट असते, त्या दिवशी नको' असं उत्तर दिलं. असं काही स्वतःहून जोडलेलं असेल तर समजा खरंच चालणार आहे. नुसतं 'हम्म' आलं, किंवा दोन दिवस काहीच आलं नाही, तर ते 'नको'च धरा आणि पुन्हा विचारू नका.

मैत्रीच्या नावाखाली सुरुवात करून हळूहळू फ्लर्टकडे सरकायचं, हा उपाय मला पटत नाही. परीक्षेच्या तोंडावर 'याच्या मनात नक्की काय आहे' हे कोडं सोडवत बसायला लावणं म्हणजे तिच्या वेळेची चोरी आहे.

दुसरी पायरी: वेळ ठरलेली ठेवा, अचानकपणा सोडा

एरवी फ्लर्ट करताना अचानक आलेला मेसेज गोड लागतो. इथे तो घात करतो. मेसेज कधीही येऊ शकतो असं झालं की माणूस दर अर्ध्या तासाने फोन उलटा करून बघतो. बुधवारी आणि शनिवारी रात्री साडेआठला येतो हे माहीत असेल, तर बाकीचा आठवडा फोनकडे बघायचं कारणच राहत नाही. उलट त्या वेळेची वाट बघण्यात थोडी मजा असते आणि ती अभ्यासाच्या आड येत नाही.

वेळ कोणती, हे तिच्या दिवसावरून ठरवा, तुमच्या जेवणाच्या सुट्टीवरून नाही. अभ्यासिकेतल्या दिवसात दोन जागा सुरक्षित असतात. एक, रात्री अभ्यासिकेतून निघून घरी जातानाची, म्हणजे स्टेशनकडे चालताना किंवा बसमध्ये. दुसरी, रविवारी दुपारी जेवणानंतरची, तीही त्या दिवशी टेस्ट नसेल तर. सकाळची पहिली वेळ कधीही घेऊ नका. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यामुळे बरीच मुलं सकाळी ताज्या डोक्याने उत्तरलेखनाचा सराव करतात, आणि लिहिताना तुटलेला धागा वाचताना तुटलेल्या धाग्यापेक्षा फार कष्टाने जुळतो. रात्री साडेदहानंतरही नको. त्या वेळचा गोड मेसेज झोप खातो, आणि त्याचा फटका दुसऱ्या दिवशीच्या सकाळला बसतो.

आता आवाजाचं. टेलिग्रामवर पाठवायचं बटण दाबून धरलं की `Send Without Sound` आणि `Schedule Message` असे दोन पर्याय येतात. चालू घडामोडींच्या ग्रुपांमुळे या मुलांच्या फोनमध्ये टेलिग्राम असतंच. तुम्ही ऐरोलीला मीटिंगमध्ये अडकणार असाल तर दुपारीच लिहून साडेआठची वेळ लावून ठेवा. इन्स्टाग्रामवर मेसेजच्या सुरुवातीला `@silent` टाइप केलं की समोरच्याला सूचना जात नाही. व्हॉट्सॲपवर मात्र घड्याळ बघून स्वतःच पाठवा.

तिसरी पायरी: मेसेज कसा लिहायचा

इथे जरा थांबूया, कारण बहुतेक जण इथेच घसरतात. त्या ऐरोलीच्या मुलाने एका बुधवारी आधी हे लिहिलं होतं आणि पाठवण्याआधी मला दाखवलं:

> काय गं कलेक्टर मॅडम, पुस्तकांच्या नादात मला विसरलीस वाटतं 😢 आम्हाला कोण विचारतो आता! जेवलीस का? मिस यू. तू हुशार आहेस, तुझं होणारच आहे, टेन्शन घेऊ नको.

दिसायला गोड आहे. पण एकेक तुकडा घ्या.

'कलेक्टर मॅडम' हे दोनदा चुकतं. एमपीएससीतून थेट कलेक्टर होत नाहीत. राज्यसेवेतून उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार अशी पदं मिळतात, आणि आयएएसची परीक्षा यूपीएससी घेते. तिला हे रोज नातेवाइकांना समजावून सांगावं लागतं, तुम्हालाही सांगावं लागू नये. दुसरं म्हणजे अजून पूर्व परीक्षाही झालेली नसताना पदाच्या नावाने हाक मारली की तिला आपोआप आठवतं की ते पद मिळालं नाही तर काय. गल्लीत 'भावी अधिकारी' म्हणणारे काका पुरेसे असतात.

'मला विसरलीस वाटतं' आणि 'आम्हाला कोण विचारतो' यात रुसवा आहे. रुसवा काढावा लागतो, म्हणजे तिच्या डोक्यावर काम आलं. रडक्या चेहऱ्याचा इमोजी तेच काम आणखी वाढवतो. 'जेवलीस का?' हा प्रश्न झाला. 'मिस यू' वाचून तिला उत्तरादाखल तेच लिहावं की नाही, हा पेच पडतो.

शेवटचं वाक्य सगळ्यात निरुपद्रवी वाटतं आणि तेच जड आहे. 'तू हुशार आहेस, होणारच' या म्हणण्याला एक शेपूट असतं: नाही झालं तर मी हुशार नव्हते. त्यात परीक्षेत हजारो हुशार मुलं असतात आणि जागा थोड्या, हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. निकालाचं वचन तुमच्या हातात नाही, ते देऊ नका.

मग त्याने काय पाठवलं? मी त्याला एवढंच सांगितलं की आज दिवसभरात ती खरोखर कधी आठवली ते लिही, आणि शेवटी दार लावून घे. त्याने हे लिहिलं:

> आज संध्याकाळी गोखले रोडवर छत्र्याच छत्र्या होत्या. त्यात एक निळी दिसली आणि मी उगाच दोन पावलं जोरात टाकली. तू अभ्यासिकेत असणार हे माहीत होतं, तरी टाकली. आठ वाजेपर्यंत जागा न सोडणारी मुलगी निळ्या छत्रीखाली कशाला सापडेल. उत्तर नको, घरी जा, भिजू नकोस.

फ्लर्ट यात पुरेपूर आहे. तिची छत्री त्याला ओळखू येते, तिला बघायला तो धावतो, हे सगळं तिला कळलं. धीरही आहे, पण तो 'आठ वाजेपर्यंत जागा न सोडणारी' या पाच शब्दांत लपलेला आहे. तिने जे आज केलं आहे त्याचं कौतुक झालं, उद्या काय मिळेल त्याचं नाही. आज केलेलं कुणी काढून घेऊ शकत नाही, म्हणून अशा कौतुकाचं ओझं होत नाही. आणि शेवटची ओळ दार लावते.

हा साचा लक्षात ठेवा: तिच्याशी जोडलेली आजची एक खरी, छोटी गोष्ट, त्यातच मिसळलेलं तिच्या कष्टाचं एक निरीक्षण, आणि शेवटी सुटका. चार-पाच ओळींच्या वर जाऊ नका. आजची खरी गोष्ट नसेल तर त्या दिवशी मेसेज नाही पाठवला तरी चालतो. नेटवरून उचललेला सुविचार पाठवण्यापेक्षा ते बरं.

अभ्यासातलेच संदर्भ घेऊन खट्याळपणा करता येतो आणि तो मुलांना फार आवडतो, कारण त्यांच्या जगात कुणी आलं असं वाटतं. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. त्यावरून:

> चुकलं की पाव हिस्सा कापतात म्हणे तुमच्याकडे. मला 'शुभ रात्री' म्हणालीस तर काहीच कापलं जाणार नाही. तरी म्हणू नकोस, झोप.

किंवा आयोगाचं कार्यालय नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला आहे, तर त्या बाजूला कामाला गेलेला दिवस वाया घालवू नका:

> आज बेलापूरला काम होतं. आयोगाच्या ऑफिसवरून जाताना उगाच कॉलर नीट केली. तुझ्या ओळखीचं ठिकाण, म्हटलं इम्प्रेशन चांगलं पडू दे.

भूगोलावरून लिहायचं तर घाट नीट तपासा. कुंभार्ली घाट चिपळूण-कराड रस्त्यावर आहे, आणि 'कुंभार्लीच्या टपरीवरचा एक चहा माझ्याकडे उधार, पेपर झाल्यावरचा' हे छान चालतं. पण कुंभार्लीच्या जागी चुकून आंबोली लिहिलंत तर ती रात्री साडेआठला नकाशा उघडून बसेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे तुमचंच चुकीचं तिच्या डोक्यात राहील. संदर्भ द्या, परीक्षा घेऊ नका. 'सांग बरं, 73वी घटनादुरुस्ती कशाची?' हे प्रेमाने विचारलं तरी तोंडी परीक्षाच असते.

पाठवताना होणाऱ्या बारीक चुका

एकच मेसेज पाठवा. 'ए', 'ऐक ना', 'काही नाही', 'एक सांगायचं होतं' असे चार तुकडे म्हणजे चार वेळा फोन थरथरला, आणि चौथ्यानंतर तर माणूस वाचल्याशिवाय राहूच शकत नाही.

पाठवलेलं डिलीट करू नका. व्हॉट्सॲपवर डिलीट केल्याची खूण राहते आणि काय लिहिलं होतं या विचारात जी संध्याकाळ जाते ती कुठल्याही चुकीच्या मेसेजने गेली नसती. शुद्धलेखन चुकलं असेल तर तसंच राहू द्या.

पहिली ओळ साधी ठेवा. लॉक स्क्रीनवर सुरुवातीचे शब्द दिसतात, आणि फोन अभ्यासिकेच्या टेबलावर किंवा घरात आईच्या हाताशी असतो. 'आज गोखले रोडवर' अशी सुरुवात कुणीही वाचली तरी चालते, 'तुझे डोळे' अशी सुरुवात तिला घरी उत्तरं द्यायला लावते. घरच्यांनी अभ्यासासाठी मुश्किलीने मोकळीक दिलेली असते, ती तुमच्या एका ओळीमुळे धोक्यात येऊ नये.

'ऑनलाइन दिसलीस मघाशी' हे कधीही लिहू नका. ती नोट्सची पीडीएफ उघडत असेल. आणि नसली तरी आपल्यावर कुणाची नजर आहे ही भावना कुणालाच गोड वाटत नाही.

व्हॉइस नोट अधूनमधून चालते, अर्ध्या मिनिटाच्या आतली, पण तिला ती ऐकायला इअरफोन लावावे लागतात किंवा बाहेर यावं लागतं. म्हणून फक्त रात्रीच्या वेळी.

टेस्ट खराब गेली त्या दिवशी

सराव परीक्षेत कमी गुण पडले की ती स्वतःहून काही लिहील. कळव्याच्या त्या मुलीने एका मंगळवारी रात्री लिहिलं, 'सीसॅटमध्येही लटकले आज. सोडूनच द्यावं वाटतंय.' त्याची बोटं लगेच समजूत घालायला शिवशिवली. सीसॅट, म्हणजे आकलन आणि गणित-तर्काचा पेपर, राज्यसेवेत फक्त पात्रतेपुरता असतो, 33 टक्के मिळाले की झालं. त्यामुळे 'अगं पासच तर व्हायचंय' असं लिहायचा मोह होतो. पण जे पात्रतेपुरतं आहे तिथेच अडकणं ही जास्त बोचणारी गोष्ट आहे, आणि ही माहिती तिला पाठ आहे. अशा वेळी नियम थोडा बदलतो, कारण इथे तिने दार उघडलं आहे. तरीही सल्ला नाही, तुलना नाही. आधी ऐकलं हे सांगा, मग थोडी ऊब:

> वाचलं. आज त्यावर काही बोलत नाही, तूही बोलू नकोस. चिडलीस की तुझी उजवी भुवई वर जाते ना, ती आत्ता डोळ्यासमोर आली. दहा मिनिटं बोलायचं असेल तर फोन कर, नाहीतर जेव आणि झोप. दोन्ही मला चालतं.

त्या रात्री तिने फोन केला नाही. तीन दिवसांनी 'भुवईचं कुणाला सांगू नकोस' असं लिहिलं. तो दिवस त्याने पुढे बरेच दिवस जपला.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा. 'सोडून द्यावं वाटतं' हे एका टेस्टनंतरचं बोलणं वेगळं आणि जेवण, झोप, माणसं सगळं तुटत चाललेलं असताना वारंवार येणारं, जगण्यालाच कंटाळल्याचं बोलणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात मेसेज आणि खट्याळपणा बाजूला ठेवा, थेट फोन करा, तिच्या घरच्या किंवा जवळच्या मैत्रिणीला सांगा. केंद्र सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन 14416 वर आहे आणि मराठीत बोलता येतं.

जमतंय की नाही, कसं ओळखायचं

चांगलं चाललं असेल तर ती तिच्या वेळेला, कधी दुसऱ्या दिवशी, काहीतरी नवं घालून उत्तर देते. कधी आधी स्वतः लिहिते. उत्तर छोटं असलं तरी त्यात तुमच्या मेसेजमधली एखादी गोष्ट परत येते, जशी ती भुवई आली.

बिघडत असेल तर दोन दिशांनी बिघडतं. एकीकडे उत्तरं आटत जातात, फक्त अंगठा, मग तेही नाही. सलग तीन मेसेजना काहीच आलं नाही तर आठवड्याला एकावर या, आणि तरीही शांतता असेल तर थांबा. 'माझं काही चुकलं का' असं विचारायला जाऊ नका, तो पुन्हा एक प्रश्नच आहे.

दुसरी दिशा जास्त फसवी, कारण ती तुम्हाला आवडते. ती दुपारी तीन वाजता दोन सेकंदांत उत्तर देऊ लागते, गप्पा साडेअकरापर्यंत लांबतात, 'आज अभ्यासच झाला नाही' हे हसत सांगते. तिथे तुम्ही स्वतः मागे या, पण रागावल्यासारखं नाही आणि मास्तरासारखंही नाही. 'बाकीचं शनिवारी साडेआठला सांगतो, तोपर्यंत उत्सुकता तुझ्याकडे ठेव' असं लिहून खरोखर शनिवारपर्यंत गप्प राहा. गप्प राहणं पाळलं नाही तर त्या ओळीला काही अर्थ नाही.

शेवटचा आठवडा आणि पेपरचा दिवस

शेवटच्या महिन्यात आठवड्याला एक मेसेज पुरतो. शेवटच्या आठवड्यात एकच, आणि त्यातला खट्याळपणा अर्ध्यावर आणा.

आदल्या दिवशी 'ऑल द बेस्ट' पाठवणारे शंभर जण असतात. तुम्ही त्यापेक्षा उपयोगी काम करा. पेपर बहुधा रविवारी असतो आणि आपल्याकडे रविवारी मेगाब्लॉक असतो. मध्य रेल्वे एक-दोन दिवस आधी जाहीर करते. तिचं केंद्र वाशीला असेल तर ट्रान्स हार्बरचा ब्लॉक बघा, डोंबिवली-कल्याणकडे असेल तर मध्य मार्गाचा. मग शनिवारी संध्याकाळी सात-साडेसातला:

> उद्या ट्रान्स हार्बरला ब्लॉक आहे, पण सकाळी उशिरा सुरू होतो, तुझी जायची गाडी मिळेल. येताना त्रास होईल, तेव्हा वाशीहून बस किंवा रिक्षा. एवढंच. नीट झोप, सुंदर मुली पेपरला झोपाळू दिसू नयेत.

ब्लॉकची वेळ अर्थातच त्या आठवड्याची खरी बघून लिहा, आणि बघितली नसेल तर ती ओळ लिहूच नका. प्रवेशपत्र घेतलंस का, काळ्या शाईचं पेन घेतलंस का, हे घरचे विचारतातच.

पेपरच्या दिवशी सकाळी काही नाही. सामान्य अध्ययन आणि सीसॅट असे दोन पेपर एकाच दिवशी असतात आणि मध्ये काही तासांची सुट्टी मिळते. त्या सुट्टीतही काही नाही. मोबाइल केंद्रात चालत नाही, पण सुट्टीत बाहेर येऊन फोन सुरू केला आणि तुमचा 'कसा गेला पहिला?' समोर आला तर पहिल्या पेपरातले सगळे शंकास्पद प्रश्न दुसऱ्या पेपरला सोबत जातात.

संध्याकाळी टेलिग्रामवर क्लासवाल्यांच्या उत्तरतालिका फिरायला लागतात आणि रात्रभर गुणांची बेरीज चालते. आयोगाची पहिली उत्तरतालिका नंतर येते, तिच्यावर हरकती घेतल्या जातात, मग अंतिम येते. म्हणजे किती गुण पडतील हे तिलाही नक्की माहीत नसतं. त्या रात्री 'किती येतील', 'कट-ऑफ किती लागेल' यातलं काहीही नको. 'संपला. आता झोप' एवढं पुरे.

मग मनातलं कधी सांगायचं

तयारीच्या महिन्यांत 'मला तू आवडतेस' हे सरळ सांगू नका, कारण त्याच्याइतका उत्तर मागणारा दुसरा मेसेज नाही. पण 'पोस्ट मिळाल्यावर सांगू' म्हणत बसू नका. पूर्व, मग मुख्य, मग मुलाखत, त्यात वर्ष सहज जातं, आणि बरीच मुलं पुन्हा पुढच्या जाहिरातीला बसतात. पूर्ण मोकळा दिवस कधी येतच नाही. म्हणून पूर्व परीक्षेनंतरचा आठवडा-दहा दिवसांचा काळ धरा. तेव्हा पेपरची दमछाक उतरलेली असते आणि मुख्यच्या अभ्यासाने अजून जोर धरलेला नसतो.

भेटून बोला. तलावपाळी संध्याकाळी चांगली असते, पण तिच्या ओळखीचे फार भेटत असतील तर उपवन किंवा वाशीचं सागर विहार बघा. भेटायला बोलावताना कारण सांगा, म्हणजे ती तयारीने येईल किंवा नको म्हणेल: 'शनिवारी संध्याकाळी तासभर भेटशील? मेसेजमध्ये उत्तर नको म्हणायचो ना, त्यातल्या एकाला आता उत्तर हवंय.'

ती हो म्हणाली तर मुख्य परीक्षेच्या वेळापत्रकात तुमचे बुधवार-शनिवार पुन्हा बसवा, वेळ नव्याने विचारून. 'आत्ता नको, मुख्य झाल्यावर बघू' म्हणाली तर मधल्या काळात मेसेज चालू ठेवायचे की बंद, हे तिथेच तिला विचारून घ्या आणि ती म्हणेल तसं करा. नाही म्हणाली तर घरी पोहोचल्यावर एकच मेसेज टाका, 'स्पष्ट सांगितलंस ते बरं केलंस. मुख्यला मनापासून शुभेच्छा', आणि त्यानंतर बुधवारी साडेआठला दुसरं काहीतरी करा.